जबडा वाजतो, दुखतो, अडकतो : तीन बोटांचं माप

ताईंनो, या अंकातला आरोग्याचा पाठ कानासमोरच्या सांध्यावर आहे. गुडघा आणि कंबर आपल्या प्रत्येक बैठकीत निघते, पण जबड्याचा सांधा कोणाच्या ध्यानात नसतो. तो दुखला तर बाई म्हणते, "कान दुखून राह्यला," नाहीतर "दाढ ठणकते". मग कानात थेंब टाकले जातात, कधी चांगली दाढसुद्धा काढली जाते. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि तोही साधारण वीस ते पंचेचाळीस या वयात, म्हणजे आपल्या गटांमधल्या बहुतेकींच्या वयात.

आधी सांधा कुठं आहे ते हातानं पाहून घ्या. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या छिद्राच्या अगदी पुढं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी पुढं सरकतं आणि मागं येतं, तोच हा सांधा. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये एक पातळ, चिवट गादी असते. तोंड थोडंसं उघडताना हे टोक दाराच्या बिजागरीसारखं फिरतं. जास्त उघडताना मात्र ते खोबणीतून पुढं सरकतं, आणि गादीही त्याच्यासोबत सरकते.

टक् असा आवाज कशाचा?

चपलेचं उदाहरण घ्या. पाय म्हणजे जबड्याचं टोक आणि चप्पल म्हणजे ती गादी. चप्पल पायात नीट असेल तर चालताना काही जाणवत नाही. काही जणींची गादी थोडी पुढं घसरलेली असते, जशी उंबऱ्यावर काढून ठेवलेली चप्पल. तोंड उघडताना टोक पुढं येतं आणि पाय चपलेत शिरावा तसं गादीखाली शिरतं. त्या वेळी टक् वाजतं. तोंड मिटताना गादी पुन्हा निसटते, तेव्हा कधी दुसरा बारीक आवाज येतो.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला उपचार लागत नाही. फोटो लागत नाही, मशीन लागत नाही. कित्येकींचा जबडा वर्षानुवर्षं वाजतो आणि पुढं काही होत नाही. आवाज बंद करायचा म्हणून पैसे खर्च करू नका, आणि वाजतो का ते पाहायला दिवसातून दहा वेळा तोंड उघडून वाजवूही नका. काही जणींना ती सवयच लागते.

मग लक्ष कशावर ठेवायचं? तोंड किती उघडतं यावर. आपल्याच हाताची पहिली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घाला. अंगठा आणि करंगळी सोडून राहतात ती तीन. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं आणि आपली तीन बोटं जवळपास तेवढीच भरतात. तीन बोटं गेली तर ठीक. दोनच जात असतील तर काहीतरी अडलंय. बोटं स्वतःचीच वापरायची, कारण बारीक तोंडाच्या बाईची बोटंही बारीक असतात. हे माप दुखत नसतानाच एकदा घेऊन ठेवा, म्हणजे पुढं फरक पडला तर कळेल.

एका ताईची गोष्ट

आपल्या भागातल्या एका गटातल्या ताई, वय ३८, शिलाईचं काम करतात. नाव देत नाही. त्यांचा डावा जबडा चार-पाच वर्षांपासून वाजायचा, दुखत नव्हता. उजवीकडची खालची दाढ पूर्वीच काढलेली होती, म्हणून त्या सगळं डावीकडंच चावायच्या. गणवेश शिवायचं काम आलं तेव्हा रोज दहा-दहा तास मशीनवर बसणं झालं. मान पुढं झुकलेली, दोरा दातानं तोडायचा आणि वेळेत काम द्यायचं म्हणून दात आवळलेले. पंधरा दिवसांनी डाव्या कानासमोर दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर गाल जड वाटायचे, कानशिलं ठणकायची. नवऱ्यानं सांगितलं, "रात्री तू दात खातेस, करकर आवाज येते."

पहिले कानाचे थेंब झाले. उपयोग झाला नाही, कारण कान चांगलाच होता. मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या. त्यांनी दोन-तीन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. एका ठिकाणी डावीकडची दाढ काढून टाकू असं सांगितलं गेलं. ताईंनी नकार दिला आणि तो बरोबर होता. त्या दाढेला गार-गरम लागत नव्हतं, चमच्यानं हलकंच ठोकून पाहिलं तरी कळ येत नव्हती. किडलेली दाढ असं वागत नाही.

दुखणं असंच महिनाभर राहिलं. मग एका सकाळी आवाज एकदम बंद झाला. ताईंना वाटलं, सुटले. "गेली वं कटकट," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. पण जेवताना घास तोंडात जाईना. बोटं घालून पाहिली तर दोनच जात होती, आणि तोंड उघडताना हनुवटी डावीकडं वाकत होती.

या ठिकाणी चपलेचं उदाहरण पुन्हा आठवा. गादी आता इतकी पुढं सरकून दुमडली होती की टोक तिच्याखाली शिरूच शकत नव्हतं. शिरत नाही म्हणून टक् वाजत नाही, आणि पुढं जायला वाट नाही म्हणून तोंड उघडत नाही. उजवीकडचा सांधा सरकत होता आणि डावीकडचा जागेवर अडकला होता, त्यामुळं हनुवटी अडलेल्या बाजूला वळत होती. वाजणारा जबडा अचानक गप्प झाला आणि त्याच वेळी तोंड कमी उघडायला लागलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. अशा वेळी चार-आठ दिवसांत डॉक्टरांकडं जायचं. लवकर गेलं तर सांधा मोकळा व्हायची शक्यता जास्त असते.

दाताच्या डॉक्टरांनी सांध्यावर आणि गालाच्या स्नायूंवर बोटानं दाबून पाहिलं, पट्टीनं तोंड मोजलं. २८ मिलिमीटर भरलं. पूर्ण जबड्याचा एक एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात. त्यात हाड आणि दाढा चांगल्या दिसल्या. मग दातांचं माप घेऊन रात्री घालायची कडक, पारदर्शक पट्टी बनवून दिली. नरम जेवण, शेक, रोजचे व्यायाम आणि जेवणानंतर घ्यायच्या पाच दिवसांच्या गोळ्या, एवढंच. दोन आठवड्यांत दुखणं निम्म्यावर आलं. सहा आठवड्यांनी तिसरं बोट जेमतेम जायला लागलं, माप ३७ आलं. आवाज परत आला नाही आणि गादी जागेवर गेली असंही नाही. डॉक्टरांनी समजावलं की ती तशीच पुढं राहिली तरी मागचा भाग सरावानं चिवट होतो आणि जबडा काम करतो. एमआरआय काढला नाही, कारण सुधारणा होत होती.

दुखणं नेमकं कशामुळं

बहुतेक वेळा दुखणं सांध्याच्या आतलं नसून चावायच्या स्नायूंचं असतं. ओळखायचं असं : दात घट्ट आवळा, गालावर आणि कानशिलावर फुगणारा भाग बोटानं दाबा. तिथं तीच ओळखीची कळ आली तर स्नायू थकलेले आहेत. कळ फक्त कानाच्या अगदी पुढं येत असेल तर सांधा. दोन्हीकडं येत असेल तर दोन्ही.

सकाळी उठताना जास्त दुखत असेल तर रात्री दात खाण्याची शंका घ्या. ते झोपेत होतं, त्यामुळं बाईला स्वतःला माहीत नसतं. सोबत झोपणाऱ्याला विचारा. संध्याकाळी जास्त दुखत असेल तर दिवसभराच्या सवयी तपासा. वरचे आणि खालचे दात एकमेकांना फक्त चावताना आणि गिळताना लागायला पाहिजेत, दिवसभरात मोजून काही मिनिटं. पण डोक्यावर ओझं घेताना, मशीन चालवताना, हप्त्याचा हिशोब जुळत नसताना आपण दात आवळून बसतो. पदर दातात धरणं, दोरा तोडणं, पुडी दातानं फाडणं, फोन मानेत दाबून बोलणं, फुटाणे, ऊस, कडक सुपारी आणि एकाच बाजूनं चावणं, हे सगळं त्यात भर घालतं.

कान आणि दाढ यांच्यातला फरकही सांगते. कानातून पाणी किंवा पू येत असेल, ऐकायला कमी येत असेल, कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल, तर तो कान. एका दाढेला बोट लावून "हीच" असं सांगता येत असेल, गारानं कळ जात असेल, तर ती दाढ. चावताना आणि जांभई देताना कानासमोर दुखत असेल, तर जबडा.

घरी काय करायचं

दोन-तीन आठवडे मनापासून केलं तर बऱ्याच जणींना एवढ्यानंच आराम पडतो.

सगळ्यात मोठा उपाय जबडा सैल ठेवणं हा आहे. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागं टाळूला टेकलेलं. जबड्याची विश्रांतीची जागा हीच. मशीनवर एक टिकली चिकटवा आणि ती दिसली की दात सुटे आहेत का ते पाहा. ऐकायला फालतू वाटतं, पण वर सांगितलेल्या ताईंना दिवसा सगळ्यात जास्त फायदा यानंच झाला.

जेवण नरम ठेवा : खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर, कण्या, उकडलेल्या भाज्या, केळी. ठेचा चालतो, तिखटाचा सांध्याशी संबंध नाही. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. अगदी पातळ पेजेवर महिनोन्‌महिने राहू नका, त्यानं सांधा आखडतो आणि अंगातली ताकद जाते.

गरम पाण्यात पिळलेलं फडकं गालावर आणि कानासमोर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा ठेवा. आधी मनगटावर लावून पाहा, चटका बसायला नको. मार लागून नुकतंच सुजलं असेल तर पहिले दोन दिवस शेक नाही, थंड फडकं ठेवायचं.

शेकानंतर लगेच व्यायाम. जिभेचं टोक टाळूला टेकवा आणि ते न सुटू देता जितकं उघडेल तितकंच तोंड सावकाश उघडा, मिटा. सहा वेळा. असं दिवसातून पाच-सहा वेळा करा. जोर लावायचा नाही, बोटांनी तोंड फाकवायचं नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार फाकत नाही.

गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची, तीही थोडे दिवस. त्यापेक्षा जोरदार वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून मनानं घेऊ नका. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, बीपी किंवा गरोदरपण असेल तर त्या नुकसान करतात.

रात्रीची पट्टी दाताच्या डॉक्टरांकडून मापानं बनवलेलीच घ्यावी. बाजारात मिळणारी नरम रबरी पट्टी काही जणी जास्तच चावतात. आणि पहिल्याच भेटीत कोणी दात घासून बसवू, सगळे दात सरळ करू, किंवा थेट सांध्याचं ऑपरेशन करू म्हणत असेल, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

फोटो कधी, मोठा दवाखाना कधी

ओपीजीमध्ये हाड, दाढा, मोडलेला जबडा आणि सांध्याची झीज दिसते. गादी त्यात दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य पूर्ण खरं नसतं. गादी फक्त एमआरआयमध्ये दिसते. पण एमआरआयला हजारो रुपये लागतात आणि त्यानं उपचार बदलणार असेल तरच त्याचा अर्थ आहे : तोंड अडकलंय आणि सहा-आठ आठवड्यांच्या उपचारानंतरही सुटत नाही, किंवा इंजेक्शन-ऑपरेशनचा विचार चाललाय. हाडाबद्दल शंका असेल तर सीटी स्कॅन. नुसत्या टक् आवाजासाठी यातलं काहीच नको.

तीन आठवडे घरचे उपाय करूनही दुखणं तसंच असेल, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. हिवरखेडहून तेल्हाऱ्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा अकोट जवळ पडतं. जायच्या आधी दंतचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंकडून विचारून घ्या. जास्त गुंतागुंत असेल तर मुख आणि जबड्याचे शल्यचिकित्सक लागतात. त्यासाठी अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचं दंत महाविद्यालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. जांभई देताना किंवा दाढ काढताना तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर सांधा खोबणीतून पुढं निघालेला असतो. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली आणि मागं दाबून बसवतात. घरी कोणी झटका देऊ नये, आणि थोबाडीत मारून बसवायचा प्रकार तर मुळीच नको. गाल किंवा गळा सुजून ताप आला आणि तोंड उघडेना, तर दाढेचा पू आत पसरत असू शकतो. पायात खिळा-काटा गेल्यावर काही दिवसांनी जबडा ताठ झाला, मान आखडली, गिळता येईना, तर धनुर्वात. चालताना किंवा काम करताना जबड्यात कळ येते, घाम सुटतो, छाती दडपते आणि थांबलं की कमी होतं, तर तो हृदयाचा इशारा असू शकतो. या तिन्हींत १०८ ला फोन करा.

लेकरू हनुवटीवर पडलं की आपण हनुवटीला टाके घालून घरी आणतो. त्या मारानं कानासमोरचं हाड मोडलेलं असू शकतं आणि लेकरू चार दिवसांत खेळायला लागतं, म्हणून कळत नाही. पुढं वर्षा-दोन वर्षांत सांधा हाडानं जोडला जातो, तोंड उघडत नाही आणि हनुवटी वाढत नाही. म्हणून टाक्यांच्या वेळीच डॉक्टरांना जबडा तपासायला सांगा, आणि पुढचे काही महिने लेकराच्या तोंडाचं माप त्याच्याच बोटांनी बघत राहा.

जबड्याला घरात मार बसला असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांगा. पायरीवरून पडले असं सांगितलं तर तपासणी चुकीच्या दिशेनं जाऊ शकते. मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

खर्रा खाणाऱ्यांचं तोंड वेगळं

आपल्या वऱ्हाडात तोंड कमी उघडण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, आणि त्याचा सांध्याशी संबंध नाही. ते म्हणजे सुपारी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा घोटून मिळतोच. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट दोरीसारखी होते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा हे करते, म्हणून "मी तर साधीच सुपारी खाते" यात बचाव नाही.

ओळखायला फार अवघड नाही. सांध्याचं अडकणं बहुधा अचानक होतं, कानासमोर दुखतं आणि आधी टक् वाजलेलं असतं. सुपारीचं तोंड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं थोडं थोडं बंद होत जातं. कानासमोर दुखत नाही, पण तिखट लागलं की तोंडात आग होते. गालाचा आतला भाग पांढुरका दिसतो आणि बोट फिरवलं तर कडक पट्टे लागतात. जीभ पूर्ण बाहेर निघत नाही, चुलीवर फुंकर मारता येत नाही. याला शेक आणि नरम जेवण उपयोगाचं नाही. सुपारी त्याच दिवशी बंद करून दाताच्या डॉक्टरांकडं जायचं, कारण यातून पुढं तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, पण सुपारी सोडल्यावर आणि उपचार घेतल्यावर आणखी बंद होणं थांबवता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर पाच मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं आपल्या बोटांनी माप घ्यायचं आणि सचिवताईंनी वहीत नावासमोर दोन, अडीच, तीन असं लिहायचं. घरच्या खर्रा खाणाऱ्या माणसाचं मापही घरी जाऊन घ्या. दोन किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या : कधीपासून, अचानक की हळूहळू, कोणती बाजू, सकाळी जास्त की संध्याकाळी, आवाज आहे, नाही की होता आणि बंद झाला, पडणं-मार, सुपारी-खर्रा किती वर्षं, आणि आजवर कोणत्या गोळ्या झाल्या.